गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचं यांत्रिक भाषांतर व्याकरणाने तपासलं : कामाच्या नोंदी

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या गीतापठण वर्गासाठी दुसऱ्या अध्यायाची मोठ्या अक्षरांतली पुस्तिका करायची आहे. डावीकडे श्लोक, उजवीकडे साध्या मराठीत अर्थ. ७२ श्लोकांचा कच्चा अर्थ भाषांतर करणाऱ्या यंत्रणेकडून काढून घेतला आणि तो व्याकरणाने तपासायचं काम आम्ही तिघांनी घेतलं. शंका विचारायला वाशीच्या एक निवृत्त संस्कृत शिक्षिका आहेत. पुढे कोणी तिसरा किंवा बारावा अध्याय करायला घेतला तर आमच्या चुका त्यांनी पुन्हा करू नयेत म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

१ जून

मूळ संहिता एका फायलीतून उचलली, तिच्यात श्लोकापुढे आकडा घातला आणि एकेक श्लोक भाषांतराला दिला. दोन तासांत ७२ श्लोक झाले. वाचायला बसलो तर मराठी इतकं सुरळीत होतं की पहिले तेरा श्लोक आम्ही 'बरोबर' अशी खूण करत पुढे गेलो. त्या तेरातल्या तीन खुणा पुढे पुसाव्या लागल्या.

अडलो ते २.१४ ला. यंत्राचा अर्थ होता : 'इंद्रियांचे स्पर्श येणारे-जाणारे आणि नित्य आहेत, ते सहन कर.' जे येतं-जातं ते नित्य कसं असेल? मूळ पद आहे आगमापायिनोऽनित्याः. आमच्या फायलीत ते 'आगमापायिनोनित्याः' असं होतं. मधला अवग्रह गळला होता. आगमापायिनः + अनित्याः असा संधी होताना विसर्गाचा ओ होतो आणि पुढचा अ त्यात मिसळतो. त्या अ ची एकुलती एक खूण म्हणजे अवग्रह. तो गेला की 'अनित्य'चं 'नित्य' होतं.

३ जून

संहिता दुरुस्त करण्यात दोन संध्याकाळी गेल्या. छापील खिशातली गीता समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. काही ठिकाणी अवग्रह नव्हता, काही ठिकाणी त्याच्या जागी इंग्रजी S हे अक्षर टंकलेलं होतं. डोळ्याला ते सारखंच दिसतं, पण यंत्राला तो परका शब्द वाटतो. आधी इंग्रजी S शोधून सगळीकडे 'ऽ' घातला, मग गळलेले अवग्रह हाताने भरले.

सगळे गळलेले अवग्रह सारखे घातक नसतात. 'शाश्वतोऽयम्'मधला गेला तरी अर्थ बदलत नाही, वाचणारा 'अयम्' ओळखतो. पुढचं पद नकाराचा अ घेऊन येतं तिथे मात्र अर्थ उलटतो. २.२४ मध्ये 'अक्लेद्योऽशोष्यः' आहे. अवग्रह गळला तर 'सुकवता न येणारा' याचं 'सुकवता येणारा' होईल.

आमच्या बिघडलेल्या फायलीत २.२४ मधलाही अवग्रह गळलेला होता. तरीही यंत्राने तिथे अर्थ अचूक दिला होता! २.१४ ला चुकलं आणि २.२४ ला नाही, हे का, ते त्या दिवशी कळलं नाही. नुसती नोंद करून ठेवली. उत्तर २० जूनच्या नोंदीत आहे.

६ जून

वाशीच्या बाईंना पहिले वीस श्लोक दाखवले. त्यांनी अर्थाचा कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाल्या, "आधी क्रियापद शोधा, मग त्याचा कर्ता. मराठी नंतर वाचा." आमचा क्रम नेमका उलटा होता. अर्थ आधी वाचला की डोकं मूळ ओळीत तोच अर्थ शोधायला लागतं आणि तो सापडतोही.

त्यामुळे कामाची पद्धत बदलली. प्रत्येक श्लोकाला एक कागद. त्यावर पदच्छेद करून एकाखाली एक पदं लिहायची. नामापुढे विभक्ती, वचन, लिंग. क्रियापदापुढे पुरुष, वचन आणि प्रयोग कर्तरी की कर्मणी. शेवटच्या रकान्यात हे पद कोणाशी जोडलेलं आहे ते. एवढं भरून झाल्यावरच यंत्राचा अर्थ उघडायचा आणि प्रत्येक पदाचं मराठीत काय झालं त्यावर बोट ठेवायचं. ज्यावर बोट ठेवता येत नाही ते पद सुटलेलं. ज्या मराठी शब्दाला मूळ पदच नाही तो यंत्राने पदरचा घातलेला.

पदच्छेद बरोबर झाला की नाही हे तपासायला एक खात्रीचा उपाय आहे. सोडवलेली पदं नियमाने परत जोडायची आणि मूळ ओळ अक्षरशः तशीच येते का पाहायचं. आली नाही तर सोडवणूक चुकली.

७२ कोऱ्या कागदांच्या झेरॉक्सला १४४ रुपये लागले. 'पदरचा शब्द' हा रकाना आधी ठेवला नव्हता, म्हणून पुन्हा ७२ काढल्या. एकूण २८८. पहिल्या संध्याकाळी तीन तासांत चार श्लोक झाले. पुढे हात बसल्यावर श्लोकाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

९ जून

आजचा अर्धा वेळ एकट्या २.६६ ने घेतला, आणि तो द्यायलाच हवा होता.

नास्ति बुद्धिरयुक्तस्य न चायुक्तस्य भावना ।
न चाभावयतः शान्तिरशान्तस्य कुतः सुखम् ॥

यंत्राने पहिल्या चरणाचा अर्थ 'युक्त नसलेल्याला बुद्धी नसते' असा बरोबर दिला, पण दुसऱ्यात 'आणि युक्त माणसाला भावना नसते' असं लिहिलं. भरधाव वाचताना हे खटकत नाही. उलट योगी माणसाला भावना नसतात हे अनेकांना पटतंही! पण मुळात आहे च + अयुक्तस्य. च मधला अ आणि अयुक्त मधला अ मिळून आ झाला. इथे अवग्रहसुद्धा नसतो, नकाराची खूण त्या दीर्घ आ मध्ये पूर्ण बुडालेली असते. 'च युक्तस्य' असतं तर जोडताना काहीच बदललं नसतं आणि ओळीत 'च युक्तस्य' असंच दिसलं असतं. ओळीत 'चा' आहे, म्हणजे अ आहेच.

चाभावयतः मध्येही तेच आहे. बुद्धिरयुक्तस्य आणि शान्तिरशान्तस्य या दोन ठिकाणी विसर्गाचा र झाला आणि पुढचा अ त्या र ला चिकटला, म्हणून अ दिसतो तरी, पण घाईत 'र' एवढाच वाचला जातो.

यावरून एक साधी तपासणी बसवली : नकार मोजायचे. या श्लोकात सुटा न तीनदा आहे आणि नकाराचा अ चार पदांत आहे, एकूण सात. यंत्राच्या मराठीत सहाच सापडले. आकडा जुळला नाही म्हणून परत वळून पाहिलं आणि चूक हाताला लागली.

मोजणी आंधळेपणाने करायची नाही. अन्त, अर्थ, अधिकार यांतला अ नकाराचा नाही. शिवाय निर्ममः, निरहङ्कारः (२.७१) अशा पदांत नकार 'निर्'ने येतो. मराठीतही 'नाही' ऐवजी 'विना', 'रहित' येऊ शकतं. म्हणून नकार चरणाचरणाने मोजायचे, सगळ्या श्लोकाचे एकदम नाही.

याच श्लोकातल्या 'भावना' या पदालाही खूण केली. इथे तिचा अर्थ मनात येणारी भावना नाही, एखादी गोष्ट मनात सतत धरून राहणं असा आहे. अभावयतः म्हणजे तसं न करणाऱ्याला. मूळ शब्द मराठीत जसाच्या तसा ठेवल्याने अर्थ बदलतो, अशी ही आम्हाला सापडलेली पहिली जागा. पुढे अशा जागांची रांगच लागली.

१२ जून

मराठी वाचकाला संस्कृतातून होणारं भाषांतर सर्वांत जास्त फसवतं ते इथे. शब्द तोच, अर्थ वेगळा. यंत्र तो शब्द बदलत नाही आणि आपल्यालाही तो ओळखीचा वाटतो, म्हणून कोणी थांबत नाही.

पहिल्याच श्लोकात कृपयाविष्टम् आहे. कृपया म्हणजे कृपा शब्दाची तृतीया, करुणेने. यंत्राने लिहिलं : 'अशा प्रकारे कृपया व्याकुळ झालेल्या अर्जुनाला.' मराठीत कृपया म्हणजे विनंती. पहिल्या दिवशी 'बरोबर' म्हणून पुढे गेलो त्या तेरा श्लोकांत हा होता.

२.५६ मध्ये वीतरागभयक्रोधः. यंत्र : 'ज्याचा राग, भय आणि क्रोध गेला आहे.' राग आणि क्रोध शेजारी शेजारी कशाला येतील? संस्कृतात राग म्हणजे आसक्ती, ओढ. इथे शेजारी क्रोध असल्याने चूक उघडी पडते. २.६४ मध्ये 'राग आणि द्वेष यांपासून मुक्त' आलं, तिथे मराठी वाचकाला काहीच खटकणार नाही आणि अर्थ मात्र निम्मा बदललेला असेल.

२.६२ ला यंत्र म्हणतं : 'संगातून काम निर्माण होते, कामातून राग.' इथला शेवटचा 'राग' बरोबर आहे, कारण तो क्रोधासाठी आला आहे. पण 'काम' वाचून ऑफिसचं काम डोळ्यांपुढे येतं. इथे कामना किंवा वासना हवं. संगाच्या जागी आसक्ती.

भारत हे संबोधन अध्यायात अनेकदा येतं. २.१८ च्या शेवटी तस्माद्युध्यस्व भारत. यंत्र : 'म्हणून भारताने युद्ध करावे.' युध्यस्व हे द्वितीय पुरुष एकवचन आहे, 'तू युद्ध कर'. त्यामुळे भारत कर्ता होऊच शकत नाही, तो अर्जुनाला मारलेली हाक आहे. आणखी एक बारकावा पुस्तिकेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २.१० मधला भारत अर्जुन नाही. तिथे संजय बोलतो आहे आणि हाक धृतराष्ट्राला आहे. आम्ही सगळीकडे 'हे अर्जुना' घालून मोकळे झालो होतो. ती आमची चूक, यंत्राची नाही. संबोधन बदलण्याआधी वर जाऊन कोणाचं 'उवाच' चालू आहे ते पाहायचं.

अशा शब्दांची जोडयादी करून छोटा प्रोग्राम लिहिला. मुळात हा शब्द आणि मराठीतही तोच शब्द असेल तर श्लोकाचा आकडा छापायचा, एवढंच त्याचं काम.

```python
import csv
JODYA = [("राग", "राग"), ("काम", "काम"), ("सङ्ग", "संग"),
         ("भूत", "भूत"), ("भूत", "भुत"), ("भारत", "भारत"),
         ("कृपया", "कृपया"), ("विषय", "विषय"), ("प्रसाद", "प्रसाद")]
with open("adhyay2.csv", encoding="utf-8-sig", newline="") as f:
    for r in csv.DictReader(f):
        for s, m in JODYA:
            if s in r["mool"] and m in r["marathi"]:
                print(r["shlok"], m)
```

तो चालवताना तीन ठिकाणी ठेच लागली. आधी encoding मध्ये नुसतं `utf-8` लिहिलं होतं, तेव्हा पहिल्याच रकान्याचं नाव सापडेना. तक्त्याच्या प्रोग्रामने फायलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण घातली होती. `utf-8-sig` लिहिल्यावर ती गळते. दुसरं, मुळात सङ्ग आणि मराठीत संग असं लेखन असल्याने एकच शब्द दोन्हीकडे शोधून भागत नाही, म्हणून जोड्या कराव्या लागल्या. तिसरं, फक्त मूळ ओळीत शोधत होतो तेव्हा 'धीर' या शब्दाला २.५६ निघाला. तिथे धीर नाहीच, स्थितधीर्मुनिः आहे, म्हणजे स्थितधीः + मुनिः. संगणकाला विसर्गाचा र आणि शब्दातला र यांतला फरक कळत नाही. म्हणून दोन्हीकडे सापडलं तरच छापायचं ठरवलं आणि धीर यादीतून काढला. तो हाताने पाहिला. मराठीत धीर म्हणजे हिंमत, २.१३ मध्ये धीरः म्हणजे विचारी माणूस.

खोट्या सूचना येतातच. योग्य भाषांतरात 'कामना' असली तरी 'काम' सापडतो, 'वैराग्य'मध्ये 'राग' सापडतो. त्या डोळ्यांनी काढायच्या.

या प्रोग्रामला न सापडणारी चूक कोणती तेही लिहून ठेवतो. २.४९ मधल्या कृपणाः चं यंत्राने 'कंजूष' केलं आणि २.७ मधल्या कार्पण्यदोष चं 'कंजूषपणाचा दोष'. शब्द बदलला असल्याने प्रोग्राम गप्प राहिला. अर्थ मात्र आजच्या मराठीतल्या कृपण शब्दाचाच उचलला आहे. दोन्ही ठिकाणी दीन, केविलवाणा हा भाव आहे. अर्जुनाचं मन दैन्याने मारलेलं आहे, कंजूषपणाने नाही.

१६ जून

विभक्तीच्या चुका. शब्द सगळे बरोबर, नाती चुकलेली.

२.४९ : दूरेण ह्यवरं कर्म बुद्धियोगाद्धनञ्जय. यंत्र : 'कर्म हे बुद्धियोगापासून दूर आहे.' बुद्धियोगात् ही पंचमी आहे खरी, पण ती तुलनेची आहे, कारण शेजारी अवरम्, म्हणजे कनिष्ठ, हे विशेषण आहे. मराठीत तिथे 'पासून' नव्हे, 'पेक्षा' येतं. दूरेण हे अंतर नाही, 'कितीतरी' आहे. 'बुद्धियोगापेक्षा कर्म कितीतरी कनिष्ठ आहे.' यंत्राच्या वाक्यात अवरम् वर बोट ठेवायला गेलो तर मराठीत त्याला शब्दच नव्हता. बोट ठेवायच्या पद्धतीने ही चूक एका मिनिटात सापडली.

२.२० : न हन्यते हन्यमाने शरीरे. यंत्र : 'मारल्या जाणाऱ्या शरीरात तो मारला जात नाही.' दोन्ही पदं सप्तमीत आहेत म्हणून यंत्राने 'त' प्रत्यय लावला. पण ही सति सप्तमी आहे : शरीर मारलं जात असताना. ओळखायची खूण अशी की सप्तमीतल्या नामाबरोबर सप्तमीतलंच धातुसाधित असतं आणि त्याचा कर्ता मुख्य क्रियापदाच्या कर्त्यापेक्षा वेगळा असतो. अशा जागी 'कुठे?' विचारून पाहायचं आणि मग 'केव्हा?' विचारायचं. इथे 'केव्हा'लाच नीट उत्तर मिळतं.

२.६९ मध्ये दोन चुका एकमेकींना चिकटून आल्या. यस्यां जाग्रति भूतानि सा निशा पश्यतो मुनेः. यंत्र : 'ज्यात तो जागतो ती भुतांची रात्र, मुनी पाहतो.' वरच्या ओळीत जागर्ति संयमी आहे, तिथे जागर्ति एकवचन. खाली जाग्रति आहे आणि तेही 'ति'ने संपतं, म्हणून एकवचन वाटतं. पण जागृ धातूचं तृतीय पुरुष अनेकवचन जाग्रति असंच होतं. त्याला नेहमीचा 'अन्ति' न लागता 'अति' लागतो. कर्ता भूतानि, नपुंसकलिंगी अनेकवचन. प्राणी जागतात. यंत्राने अनेकवचन ओळखलं नाही, त्यामुळे भूतानि ला क्रियापद उरलं नाही आणि ते रात्रीला नेऊन जोडलं. त्यात मराठीत ती भुतांची रात्र झाली!

पश्यतः वर आम्हीही अडखळलो. ते 'दोघे पाहतात' असं द्विवचनी क्रियापदही असू शकतं आणि 'पाहणाऱ्याची' ही षष्ठीही असू शकते. रूप एकच. निर्णय शेजारचं पद देतं : मुनेः षष्ठी आहे, आणि दोघे कोणी इथे नाहीतच. म्हणून 'पाहणाऱ्या मुनीची ती रात्र'.

२० जून

३ जूनच्या कोड्याचं उत्तर मिळालं. २.४८ मधलं सङ्गं त्यक्त्वा मुद्दाम बदलून सङ्गं कृत्वा केलं, म्हणजे 'आसक्ती सोडून'चं 'आसक्ती करून', आणि ती ओळ भाषांतराला दिली. उत्तर आलं : 'आसक्ती सोडून कर्म कर.' मग २.२३ मधल्या नैनं छिन्दन्ति शस्त्राणि चं चैनं छिन्दन्ति केलं. तरीही 'शस्त्रं याला कापू शकत नाहीत'.

म्हणजे प्रसिद्ध ओळींवर यंत्र समोरची ओळ वाचतच नाही, आधी पाहिलेला अर्थ म्हणून दाखवतं. २.२४ ला गळलेला अवग्रह त्याला जाणवला नाही तो यामुळे. २.१४ चा उत्तरार्ध त्याने खरोखर वाचला, म्हणून तिथे चुकलं.

याचा कामावर परिणाम असा की प्रसिद्ध श्लोकात विभक्तीच्या चुका कमी सापडतात, पण पदरचे शब्द जास्त असतात. २.४७ च्या भाषांतरात 'निष्कामपणे' आणि 'आपलं कर्तव्य' हे दोन शब्द आले होते. श्लोकात दोन्ही नाहीत. टीकेतून आलेले असतील, चुकीचेही नसतील, पण उजव्या पानावर फक्त श्लोकाचा अर्थ द्यायचा आहे. ते काढले. आता प्रत्येक प्रसिद्ध श्लोकाला आधी एक पद उलटं करून देतो. अर्थ बदलला नाही तर त्या श्लोकाचा कच्चा अर्थ बाजूला ठेवतो आणि आपल्या तक्त्यावरून स्वतः लिहितो. वेळही कमी लागतो.

२३ जून

२.४७ चा शेवटचा चरण. यंत्राने पहिल्यांदा दिलेला अर्थ बरोबर होता. आम्ही चरण वेगळा तोडून दिला तेव्हा मात्र आलं : 'तुझी कर्मात आसक्ती नसावी.' तिघांनीही मान डोलावली, कारण गीतेत हा विचार आहेच. चूक सापडली ती ओळ परत जोडताना. सङ्गः अस्तु कर्मणि जोडलं तर सङ्गोऽस्तु कर्मणि होतं. मुळात सङ्गोऽस्त्वकर्मणि आहे. तु चा त्व होण्यासाठी पुढे स्वर लागतो, म्हणजे पद अकर्मणि आहे. कर्म न करण्याची आसक्ती तुला नसो. अर्थ पूर्ण फिरतो, आणि चुकीचा अर्थ ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतो म्हणूनच निसटतो.

याच श्लोकात आम्ही यंत्राला अन्यायाने चूक दिली. मा कर्मफलहेतुर्भूः. भूः म्हणजे इथे पृथ्वी नाही, मा सोबत आलेलं भू धातूचं द्वितीय पुरुषी रूप, 'तू होऊ नकोस'. तिथवर ठीक. यंत्राने लिहिलं : 'तू कर्मफलाला कारण होऊ नकोस.' आम्ही लाल शाईने 'कर्मफल हा हेतू धरणारा होऊ नकोस' असं दुरुस्त केलं. बाईंनी लाल शाई खोडली. कर्मफलाचा हेतू असा षष्ठी तत्पुरुष घेतला तर यंत्राचा अर्थ येतो आणि शांकरभाष्यात तोच घेतला आहे. कर्मफल आहे हेतू ज्याचा असा बहुव्रीही घेतला तर आमचा येतो. रूप दोन्हींना चालतं. २.४९ मध्ये फलहेतवः आहे, ते कृपणाः शी लिंग-वचनाने जुळणारं माणसांचं वर्णन आहे, तिथे बहुव्रीहीच बसतो. तो डोक्यात ठेवून आम्ही २.४७ वर लादला होता.

तेव्हापासून कागदावर तीन खुणा आहेत : 'चूक', 'बरोबर' आणि 'दोन्ही बसतात'. तिसरी खूण आधीच ठेवली असती तर १ ते ४६ श्लोक पुन्हा चाळायला लागलेले दोन रविवार वाचले असते. त्या फेरीत २.२० मधलं भूत्वा भविता हेही तिसऱ्या खुणेत गेलं, कारण तिथे अभविता असाही पदच्छेद केला जातो.

२९ जून

शेवटचे राहिलेले. २.१९ मधलं उभौ तौ न विजानीतः आणि २.४६ मधलं ब्राह्मणस्य विजानतः यंत्राने एकसारखंच केलं, 'जाणतात'. एका मात्रेचा फरक आहे. विजानीतः हे द्विवचनी क्रियापद, 'ते दोघे जाणतात', आणि उभौ तौ हा त्याचा कर्ता. विजानतः ही षष्ठी, 'जाणणाऱ्याचा', आणि ती ब्राह्मणस्य ला जोडलेली. पहिलं 'ते दोघंही जाणत नाहीत' असं ठेवलं, दुसरं 'जाणत्या ब्राह्मणाला' असं दुरुस्त केलं.

२.४६ मधलं सर्वतः सम्प्लुतोदके मात्र सुटलं नाही. ती सति सप्तमी घेतली तर 'चहूकडे पाणीच पाणी झालं असताना विहिरीचा जेवढा उपयोग उरतो' असं होतं. साधी सप्तमी घेतली तर 'विहिरीने जे भागतं ते सगळं चहूकडे भरलेल्या जलाशयात भागतं' असं होतं. विभक्ती दोन्हींना जागा देते, क्रियापद ओळीत नाही, आणि बाईंनीही एक बाजू घेतली नाही. पुस्तिकेत पहिला अर्थ मोठ्या अक्षरांत आणि दुसरा त्याखाली लहान अक्षरांत जाईल. २.४६ चा कागद 'दोन्ही बसतात' या गठ्ठ्यात ठेवला.